दोन सामन्यांमधला सव्वा तास

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या मैदानांवर चौदा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. संघ भरपूर आणि मैदानं मोजकी, त्यामुळे वीस-वीस षटकांचे दोन सामने एकाच दिवशी उरकायची पद्धत आता रुळली आहे. आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर संदेश येतो: पहिला सामना साडेआठला, दुसरा एकला, पावणेआठला मैदानावर हजर, पांढरे कपडे, टोपी, ओळखपत्र सक्तीचं. मुलांनी खायचं कधी, हे त्या संदेशात नसतं.

काय खायचं याची चर्चा मात्र घरोघरी होते. बदाम किती भिजवायचे, अंडं उकडून द्यायचं की नाही, अमक्याची आई पावडर देते ती आपणही आणायची का. या चर्चेत घड्याळ मागे पडतं. साडेपाचला खाल्लेली पोह्यांची बशी साडेआठच्या सामन्याला उपयोगी पडते. तीच बशी आठला खाल्ली तर पहिल्या चार षटकांत घशाशी येते. पोहे तेच, पोट तेच, फरक फक्त अडीच तासांचा.

याला कारण आहे. अन्न पचवायला पोटाकडे रक्त लागतं आणि मुलगा धावायला लागला की तेच रक्त पायांच्या स्नायूंना आणि, उन्हात, अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेला हवं असतं. या ओढाताणीत पोटाला शेवटचा नंबर मिळतो. अन्न तिथेच पडून राहतं, ढेकर येतात, बरगडीखाली कळ येते, कधी उलटी होते. पोटभर जेवणाला तीन ते चार तास द्यावेत, हलक्या खाण्याला दीड-दोन तास आणि केळ्यासारख्या किरकोळ गोष्टीला अर्धा-पाऊण तास, हा क्रीडा-आहारातला ढोबळ हिशेब त्यातूनच आला. तेल, तूप आणि चोथा जितका जास्त तितकं अन्न पोटात जास्त वेळ थांबतं. म्हणून मैदानाच्या फाटकाबाहेरचा वडापाव सामन्याआधी नको. वड्याचा त्यात दोष नाही, शेवटचा सामना संपल्यावर तो खुशाल खावा. पण तळलेलं बेसन आणि बटाटा घेऊन पहिला स्पेल टाकणं अवघड जातं.

एक मुलगा डोळ्यांसमोर ठेवू. वय तेरा, वजन ४० किलो, राहतो डोंबिवलीला, सामने आझाद मैदानावर. पहिला बदली गोलंदाज म्हणून चेंडू टाकतो आणि चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला येतो. सहाच्या सुमाराची लोकल पकडली तर साडेसातपर्यंत तो मैदानावर पोचतो. म्हणजे उठायचं पाचला आणि खायचं साडेपाचच्या आत.

प्रवासात फक्त वेळ जात नाही, न्याहारीही जाते. सचिन तेंडुलकर शाळकरी वयात बांद्र्याचं घर सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला, ते शाळा आणि मैदान जवळ पडावं म्हणून. पुढे रमाकांत आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांना घेऊन जात. घर जवळ असलं की मधल्या वेळात जेवून येता येतं. डोंबिवली, विरार किंवा पनवेलच्या मुलाला ती सोय नाही. त्याचं दिवसभराचं स्वयंपाकघर त्याच्या किटबॅगेत असतं.

आता साडेपाचची बशी. सामन्याआधीच्या एक ते चार तासांत वजनाच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, अशी क्रीडा-आहारतज्ज्ञांची सर्वसाधारण शिफारस आहे. हे आकडे मुख्यतः प्रौढ खेळाडूंवरच्या अभ्यासातून आलेले आहेत, तेव्हा मुलांच्या बाबतीत ते काट्यावर तोलून पाळायचे नसतात. अंदाज बांधायला पुरतात. सामना तीन तासांवर असेल तर किलोमागे दोन ग्रॅम ठीक, म्हणजे आपल्या मुलाला ८० ग्रॅम. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांची भरलेली बशी साधारण ४५ ग्रॅम देते, एक केळं वीस-पंचवीस आणि साखर घातलेलं कपभर दूध पंधरा. झाले ८० ग्रॅम. पोह्यांत शेंगदाणे नेहमीपेक्षा कमी, तेल बेताचं, लिंबू आणि मीठ व्यवस्थित. वर खोबरं-शेव नको.

पोह्यांऐवजी चार-पाच इडल्या चालतील, उपमा चालेल, तूप-मेतकूट घातलेला मऊभात तर फारच चांगला. पोटाला हलका आणि पहाटेसुद्धा घशाखाली उतरणारा. न चालणारी गोष्ट म्हणजे नवी गोष्ट. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदाच ओट्स खाऊन पाहणं, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून चार अंडी खाणं, हा प्रयोग सरावाच्या दिवशी करावा.

चतुर्थी किंवा एकादशी नेमकी सामन्याच्या दिवशी आली तर घरात पेच पडतो. साबुदाण्याची खिचडी कर्बोदकांच्या हिशेबात भरभक्कम आहे, पण दाण्याचं कूट आणि तूप तिला जड करतात. तिला पूर्ण तीन तास द्यावे लागतात. त्यापेक्षा उकडलेलं रताळं, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू हे त्रिकूट मैदानावर जास्त इमानाने साथ देतं.

खरी अडचण वेगळीच असते. पाच वाजता तेरा वर्षांच्या मुलाला भूक नसते. रात्री नीट झोप नाही, पोटात गोळा आलेला, आणि आई पाठीशी उभी: “खा रे, दिवसभर उपाशी राहशील!” अशा वेळी बशी संपवायचा आग्रह उलटतो. न्याहारी दोन भागांत तोडली तर काम होतं. घरातून निघताना केळं कुस्करून घातलेलं दूध किंवा नाचणीचं पातळ सत्त्व, जे चावावं लागत नाही. आणि गाडीत, कल्याणकडची गर्दी ओसरली की किंवा उतरल्यावर, सात-साडेसातच्या आत एक गुळाची दशमी. एवढं पोटात गेलं तरी पहिला सामना निभावतो. दुधाने ज्याला मळमळतं त्याला ते पहाटे देऊच नये, साखर-मिठाची भाताची पेज द्यावी.

पाण्याचं गणितही घरीच सुरू होतं. साडेपाचच्या न्याहारीबरोबर एक-सव्वा ग्लास पाणी, म्हणजे दोनशे ते तीनशे मिलिलिटर, आणि मैदानावर पोचल्यावर आणखी एक ग्लास. वॉर्म-अपच्या आधी लघवीला जाऊन आला की मुलाने एकदा रंग पाहावा. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर तो सामन्याआधीच मागे पडला आहे.

सामना सुरू झाल्यावर आपला मुलगा आधी क्षेत्ररक्षण करतो असं धरू. वीस षटकं म्हणजे ऐंशी-नव्वद मिनिटं. प्रौढ क्रिकेटमध्ये खेळाडूंच्या अंगावर जीपीएस लावून मोजलं, तेव्हा ट्वेंटी-ट्वेंटीच्या एका डावात वेगवान गोलंदाज पाच किलोमीटरहून जास्त चालतो-धावतो असं दिसलं. मुलाचं अंतर त्याहून कमी भरेल, पण एप्रिलचं ऊन तेच असतं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी खेळताना दर वीस मिनिटांनी शंभर ते अडीचशे मिलिलिटर प्यावं, मोठ्या मुलांनी त्याहून जास्त, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये सांगितलं. आपल्याकडे दहाव्या षटकानंतर एकदाच पाणी येतं, म्हणजे चाळीस मिनिटांनी. तोवर वाट पाहायची गरज नसते. सीमारेषेबाहेर बाटली ठेवावी, विकेट पडली की फाइन लेगवरच्या मुलाने चार-पाच मोठे घोट घ्यावेत. कीपर आणि स्लिपमधल्या मुलाला ही मुभा मिळत नाही, म्हणून त्यांच्याकडे बाराव्या खेळाडूने स्वतःहून जावं.

मुलं तहान लागेपर्यंत थांबतात आणि तहान भागली की थांबतात. शरीराची भरपाई तेवढ्याने होत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बोगुस्लाव विल्क आणि ओडेड बार-ओर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना उकाड्यात सायकल चालवायला लावली आणि हवं तेवढं पिऊ दिलं. एकदा साधं पाणी, एकदा द्राक्षाचा स्वाद घातलेलं पाणी, एकदा स्वादाबरोबर साखर आणि मीठही. स्वाद आल्यावर मुलं साधारण दीडपट प्यायली, आणि साखर-मीठ आल्यावर जवळपास दुप्पट. साध्या पाण्यावर त्यांच्या अंगातलं पाणी घटत गेलं होतं. तिसऱ्या पेयावर ते टिकून राहिलं.

हे तिसरं पेय प्रत्येक मराठी घरात आहे. लिंबू सरबत. फक्त प्रमाण सांभाळायचं: एक लिटर पाण्यात दहा चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ, दोन लिंबं. साखर पन्नास ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे पाच टक्के, आणि ती पोटातून पुढे सरकायला अडत नाही. घरी पाहुण्यांना देतो तितकं गोड सरबत मैदानावर उलटं काम करतं. फार गोड पेय पोटात रेंगाळतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पोट ढवळतं. ग्लुकोजची कोरडी पावडर तळहातावर घेऊन चाटायची मैदानी सवय याच कारणाने वाईट. आमसुलाचं सरबत याच प्रमाणात तितकंच चांगलं. एक खबरदारी अशी की, आंबट सरबत किंवा ताक तांब्याच्या बाटलीत भरू नये. आंबटपणाने तांबं त्यात उतरतं आणि मळमळ, उलटी होऊ शकते. हल्ली अनेक घरांतून हौसेने तांब्याच्या बाटल्या आल्या आहेत. त्या साध्या पाण्यापुरत्या ठेवाव्यात.

मीठ चांगलं म्हणून जास्त मीठ आणखी चांगलं, हा हिशेब किती महागात पडतो हे खुद्द तेंडुलकरने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. २००३ च्या विश्वचषकात १ मार्चला सेंच्युरियनला पाकिस्तानविरुद्ध ९८ धावा करताना त्याच्या पायात गोळे आले. त्यातून लवकर सावरावं म्हणून त्याने भरपूर पेयं घेतली आणि एनर्जी ड्रिंकमध्ये चमचाभर मीठही घातलं. पोट बिघडलं. १० मार्चला जोहान्सबर्गला श्रीलंकेविरुद्ध तो जुलाबांनी हैराण अवस्थेत, कपड्यांच्या आत टिश्यू पेपर घालून खेळला. धावा ९७ केल्या हा भाग वेगळा. जगातल्या सर्वोत्तम व्यवस्थेत वावरणाऱ्या, एकोणतीस वर्षांच्या खेळाडूच्या हातून हे झालं. मग सामन्याच्या सकाळी बाटलीत अंदाजपंचे मीठ टाकणाऱ्या पालकांना कोण बोल लावणार? पाव चमचा म्हणजे पावच.

सरबत नको असेल तर साधं पाणी आणि बरोबर खारे शेंगदाणे-चणे, तेही चालतं. कॅफिन घातलेली एनर्जी ड्रिंक्स मात्र मुलांना देऊ नयेत. ती मुलांसाठी नाहीत, हे त्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेलंच असतं. जुलाबासाठीचं ओआरएसही रोजच्या सामन्याचं पेय नव्हे. ते आजारात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी बेतलेलं आहे.

पावणेबाराला पहिला सामना संपतो. आता तो सव्वा तास.

बहुतेक संघांत त्याचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. हस्तांदोलन, सामनावीराचा फोटो, मग झाडाखाली सरांचं भाषण: कुठला झेल सुटला, कुणी चोरटी धाव घेतली नाही. यात पंचवीस मिनिटं जातात. मग कुणाचे वडील फोनवर स्कोअर विचारतात, कुणी मोबाइलवर दुसऱ्या गटाचा निकाल पाहतो. सव्वाबारा-साडेबाराला डबे उघडतात आणि त्यात छोले-पुरी, फ्राइड राइस, पनीरची भाजी असं काहीबाही निघतं. मुलं भुकेली असतात, चापून खातात. एकला पुन्हा मैदानात. दुसरा संघ याच्या उलट करतो. ‘आता पोट जड नको’ म्हणून सर फक्त पाणी आणि बिस्किटं देतात. त्या मुलांचं सुरुवातीला बरं चालतं. अडीचच्या सुमारास पाय उचलेनासे होतात.

दोन्ही चुकांची खूण वेगवेगळी दिसते, आणि सीमारेषेवरून पाहणाऱ्याला ती ओळखता येते. जास्त खाल्लेल्या मुलाची तक्रार लगेच येते, पहिल्या तीन-चार षटकांत: ढेकर, कूस धरणं, रनअपच्या टोकाला वाकून उभं राहणं. न खाल्लेला मुलगा तक्रार करत नाही. तो गप्प होतो, चिडतो. चौदाव्या-पंधराव्या षटकात त्याचा थ्रो एक टप्पा आधी पडायला लागतो, बॅट चेंडूवर उशिरा येते, सोपा झेल तो दोन पावलं चुकून पाहतो. सर म्हणतात, लक्ष नाही याचं. लक्ष कुठून असणार! स्नायूंतला साखरेचा साठा पहिल्या सामन्यात बराचसा खर्च झाला, तो भरायला माल आलाच नाही. तिसरा प्रकार पाण्याचा. डोकं ठणकतं, तोंड चिकट होतं, लघवी दोन-तीन तासांत झालेलीच नसते.

तेव्हा सव्वा तासाची घडी उलटी बसवावी लागते. आधी खाणं, मग भाषण. शेवटचा चेंडू पडल्यापासून पंधरा मिनिटांत, पॅड-बूट काढायच्याही आधी, सावलीत बसून मुलाने खायला सुरुवात करावी. याचं कारण क्रिकेटच्या स्वभावात आहे. धावण्याच्या शर्यतीत आपली वेळ ठरलेली असते, फुटबॉलमध्ये शिट्टीबरोबर सगळे एकदम पळतात. क्रिकेटमध्ये पोराला किती वाजता घाम गाळायचा आहे, हे नाणेफेक ठरवते. एकला आपला मुलगा नवा चेंडू जुना करायला उभा असेल, किंवा पहिली फलंदाजी आली तर पॅड बांधून तासभर बाकड्यावर बसेल, किंवा दुसऱ्याच चेंडूवर विकेट पडून मधोमध उभा असेल. चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाइतकी अनिश्चितता कुणाच्याच पोटाच्या नशिबी नाही. नाणेफेकीची वाट पाहून खायचं ठरवलं तर उशीर होतो. म्हणून डबा असा उघडावा, की आपल्याला पहिल्याच षटकात धावायचं आहे.

किती? किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदकं, त्यातही तेल-तूप आणि चोथा कमी. बारा वाजता गूळ घालून दुधात भिजवलेल्या कणकेच्या दोन लहान दशम्या, किंवा जॅम लावलेले पावाचे दोन तुकडे आणि अर्धं केळं. बरोबर पाण्याचा किंवा सरबताचा मोठा ग्लास, तोही घटाघटा नाही. मग वीस मिनिटं सावलीत आडवं पडणं, मोजे बदलणं, मानेवर ओलं फडकं. सरांनी तेव्हा खुशाल बोलावं, मुलं पडल्या पडल्या ऐकतात. साडेबाराला, नाणेफेक झाली की, दुसरा निर्णय. क्षेत्ररक्षण आलं तर दोन खजूर आणि पाणी, बस्स. फलंदाजी आली आणि मुलगा सहाव्या-सातव्या क्रमांकाचा असेल तर त्याला आणखी एक दशमी परवडते. आपल्या चौथ्या क्रमांकवाल्याने खजुरावरच थांबावं, आणि पॅड बांधून बसल्यावर दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घेत राहावं. बसून राहणारा मुलगा प्यायला विसरतो.

मधला वेळ तीन तासांचा निघाला तर सगळं बदलतं. मग बेताचा वरण-भात किंवा दहीभात खाता येतो, आणि खावाच. वेळ अर्ध्या तासाचा उरला, पाऊस किंवा आधीचा सामना लांबल्याने असं होतं, तर चावायचं काही नको. सरबत आणि केळं.

दहीभाताचं नाव निघालं म्हणून त्याच्या धोक्याचंही बोललं पाहिजे. पहाटे साडेचारला शिजवलेला भात, गरम असतानाच डब्यात दाबला, डबा किटबॅगेत, किटबॅग उन्हात, आणि झाकण उघडलं बाराला. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्यात मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्याने होणारी उलटी अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत सुरू होते, म्हणजे नेमकी दुसऱ्या सामन्यात, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. शिजवलेला ओला पदार्थ बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. मैदानावरच्या डब्यात तो पाळणं फार अवघड. त्यापेक्षा ज्यात पाणीच कमी, ते न्यावं: दशमी, गूळपोळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, सालीसकट केळी. जुन्या काळी लांबच्या प्रवासाला दशम्याच बांधून देत, त्या काही उगाच नव्हे. उकडलेली अंडी किंवा दही न्यायचंच असेल तर एक युक्ती आहे. पाण्याची एक बाटली रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ती थर्मासच्या कापडी पिशवीत डब्याला चिकटून ठेवावी. दुपारपर्यंत डबा थंड राहतो आणि तीनला तेच पाणी गार प्यायला मिळतं.

दुसरा सामना सव्वाचारला संपतो. त्यानंतरचं खाणं दोन गोष्टींवर ठरतं: उद्या पुन्हा सामना आहे का, आणि मुलाचं वजन किती घटलं. सकाळी लघवी करून आल्यावर हलक्या कपड्यांत वजन घ्यावं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर, घाम पुसून, तसंच पुन्हा. आपला मुलगा ४० किलोचा निघाला आणि ३९.४ किलोचा परतला तर सहाशे ग्रॅम पाणी गेलं. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त, म्हणजे याच्या बाबतीत आठशे ग्रॅमपेक्षा जास्त घट झाली तर खेळावर परिणाम झालेला असतो. जेवढं गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट परत द्यायचं, कारण काही भाग लघवीतून निघून जातो. सहाशेला साडेसातशे ते नऊशे मिलिलिटर, दोन-तीन तासांत, जेवणातल्या मिठासोबत, थोडं थोडं. वजन वाढून आलं असेल तर मुलगा गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायला. पाण्याचा अतिरेकही रक्तातला सोडियम पातळ करून आजारी पाडतो.

गाडीत बसण्याआधी, म्हणजे साडेचार-पावणेपाचला, काहीतरी पोटात जावंच. परतीचा प्रवास दीड तासाचा; ‘घरी गेल्यावर जेव’ म्हणता म्हणता सात वाजतात. स्नायूंतला साठा लवकर भरायचा असेल तर सामन्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दर तासाला किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि झिजलेल्या स्नायूंच्या डागडुजीला किलोमागे पाव ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं, म्हणजे याला दहा-बारा ग्रॅम. स्टेशनवर मिळणारं सुगंधी दूध आणि चिक्कीची वडी एवढ्याने गाडीपुरतं भागतं. ज्याला वडापाव खायचाच आहे त्याने तो आता खावा, आणि त्यावर दूध प्यावं.

घरी आल्यावर मात्र शिकरण-पोळी. पु. ल. देशपांड्यांनी थट्टा केली म्हणून शिकरण बिचारं कायम हसण्यावारी गेलं, पण याच्या आकड्यांकडे पाहा. दोन केळ्यांतून साधारण पन्नास ग्रॅम कर्बोदकं, कपभर दुधातून दहा, दोन पोळ्यांतून चाळीस, एकूण शंभर. प्रथिनं दुधातून सहा-सात ग्रॅम, पोळ्यांतून सहा. म्हणजे बाजारातल्या रिकव्हरी शेकच्या डब्यावर जे छापलेलं असतं तेच, कुस्करून, वाटीत. वर साखर घालायचीही गरज पडत नाही. नऊच्या सुमारास मग नेहमीचं जेवण: वरण-भात, भाजी, दही, खाणाऱ्यांकडे अंडी किंवा मासे. तेरा वर्षांच्या मुलाला यापलीकडे प्रथिनांची पावडर लागत नाही.

स्नायू आखडण्याबद्दल एक गैरसमज घट्ट आहे: केळं खाल्लं की गोळे येत नाहीत. गोळ्यांचं नेमकं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. थकलेला स्नायू, उष्णता, पाणी-मिठाची घट, सगळ्यांचा वाटा असावा. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शुभमन गिलला ७९ धावांवर असताना मैदान सोडावं लागलं, तेही याच गोळ्यांमुळे. आणि त्याच्या दिमतीला तर अख्खा पथकभर तज्ज्ञ होते. मुलाच्या पायात गोळा आला तर ताण द्यावा, सावलीत न्यावं, सरबत द्यावं. पण मुलगा चक्कर येतेय म्हणाला, अंगावर काटा आला, उलटी झाली, किंवा विचारलेल्याचं धड उत्तर देईना, तर खाण्यापिण्याचा विषय संपला. कपडे सैल करून त्याला पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना असेल तर सकाळी पुन्हा एकदा काट्यावर उभं करावं. चाळीसच्या जवळ भरला तर कालचंच वेळापत्रक. तीनशे-चारशे ग्रॅम अजून कमी असतील, तर पाणी भरून आलेलं नाही. मग पोह्यांबरोबर नेहमीचा एक ग्लास आणि गाडीत घोट घोट करून संपवायची सरबताची अर्धा लिटरची आणखी एक बाटली.